अर्धपोटी शरीराचा हिशोब

फार कमी खाल्लं की शरीर ‘बचत’ करू लागतं, चरबी घट्ट धरून ठेवतं आणि वजन घटायचं थांबतं, उलट वाढतं, असं जिममध्ये आणि डाएटच्या गप्पांत ठामपणे सांगितलं जातं. या समजुतीची कसोटी १९४५ सालीच लागली होती.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धात शस्त्र उचलायला नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेने आले होते. उपासमारीतून वाचलेल्या युरोपातल्या लोकांना पुन्हा कसं सावरायचं, हे कीज यांना शोधायचं होतं. दिवसाला सुमारे ३,२०० कॅलरींची सवय असलेल्या या तरुणांना त्याच्या जेमतेम निम्म्या कॅलरी मिळू लागल्या: बटाटे, सलगम, ब्रेड, मॅकरोनी. शिवाय आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं सक्तीचं.

त्यांचं वजन सरासरी एक चतुर्थांश घटलं. सत्तर किलोचा माणूस त्रेपन्नाच्या आसपास आला.

मग ‘बचत’ खोटी म्हणायची का? नाही, ती खरीच होती. विश्रांतीच्या वेळी शरीर जी ऊर्जा खर्च करतं, ती जवळपास ४० टक्क्यांनी उतरली. पण त्यातली बरीचशी घट शरीरच लहान झाल्यामुळे होती, कारण चरबीबरोबर स्नायूही झिजले होते. उरलेली घट मात्र खरी काटकसर. नाडी मंदावली, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली, हालचाली सुस्तावल्या. त्यामुळे वजन घटण्याचा वेग कमी होत गेला आणि शेवटी, खाणं आणि खर्च यांचा मेळ बसत आल्यावर, काटा जवळजवळ स्थिरावला. उपाशीपोटी चरबी वाढली, असं मात्र कधीच घडलं नाही.

काटा फसवतो तो आणखी एका कारणाने. या तरुणांच्या पायांवर आणि चेहऱ्यावर पाण्याची सूज आली होती. आत चरबी आणि स्नायू झिजत असताना हे पाणी वजन भरून काढत होतं.

आणि ‘मी बाराशेच कॅलरी खाते, तरी वजन उतरत नाही’ असं मनापासून सांगणाऱ्यांचं काय? १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी अशाच तक्रारीच्या काही जणांचा ऊर्जाखर्च अचूक मोजला. चयापचय व्यवस्थित होतं. प्रत्यक्ष खाणं मात्र त्यांनी नोंदवलेल्या खाण्याच्या जवळपास दुप्पट निघालं. याला खोटेपणा म्हणणं अन्यायाचं ठरेल. चहातली साखर, फोडणीचं तेल, येता-जाता तोंडात टाकलेले शेंगदाणे यांची नोंद सहसा कुणीच ठेवत नाही.

मिनेसोटातला खरा धोका पुढे दिसला. पोटभर अन्न मिळू लागल्यावरही त्या तरुणांची भूक कितीतरी आठवडे शमेना. चरबी भराभर परतली, पूर्वीपेक्षाही जास्त झाली, आणि झिजलेले स्नायू भरून यायला त्याहून जास्त वेळ लागला.