दोन म्हशी, एक मोटार आणि शंभर वर्षे

गोठ्यात दोन दुभत्या म्हशी आहेत असे धरू. म्हैस रवंथ करते तेव्हा तिच्या पहिल्या पोटातले सूक्ष्मजंतू चाऱ्यातला तंतुमय भाग फोडतात आणि त्या कामात मिथेन तयार होतो. तो मागच्या बाजूने बाहेर पडतो असा समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक सगळा ढेकरांवाटे तोंडातूनच जातो. एका म्हशीचा वर्षाचा मिथेन साधारण ५० किलो धरला, तर दोघींचा मिळून १०० किलो होतो.

आता शेजाऱ्याची पेट्रोलची मोटार घ्या. ती वर्षाला अठरा हजार किलोमीटर धावते, बाराशे लिटर पेट्रोल जाळते. एका लिटरमागे सव्वादोन किलोहून थोडा जास्त कार्बन डायॉक्साइड बाहेर पडतो. वर्षाचा हिशेब होतो सुमारे २,८०० किलो.

देशोदेशीची सरकारे हवामान कराराखाली जो हिशेब देतात, त्यात हा गोठा आणि ही मोटार तंतोतंत सारखी ठरतात. कारण त्या हिशेबात एक किलो मिथेन म्हणजे २८ किलो कार्बन डायॉक्साइड. शंभर गुणिले अठ्ठावीस, झाले २,८००. गुणाकार बरोबर आहे. पण दोन्हींचा हवेवरचा परिणाम सारखा नाही, आणि शेतकऱ्याला दोष देण्यापूर्वी किंवा त्याच्याकडून कार्बन क्रेडिट विकत घेण्यापूर्वी हा फरक समजून घ्यायलाच हवा, असे मला वाटते.

हा २८ आला कुठून? आज एक किलो मिथेन आणि एक किलो कार्बन डायॉक्साइड हवेत सोडले, आणि पुढच्या शंभर वर्षांत दोघांनी एकूण किती उष्णता अडवली ते मोजले, तर मिथेनची बेरीज अठ्ठावीसपट भरते. या गुणोत्तराला तापवृद्धी क्षमता म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून जीडब्ल्यूपी. शंभर वर्षे ही मुदत निसर्गाने घालून दिलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक शास्त्रज्ञगटाने १९९० साली पहिल्या अहवालात वीस, शंभर आणि पाचशे अशा तीन मुदतींचे आकडे दिले होते. १९९७ च्या क्योटो करारात त्यांतली मधली मुदत उचलली गेली आणि तीच रूढ झाली.

मुदत वीस वर्षांची धरली तर मिथेनचा आकडा २८ वरून ८४ वर जातो. वायू तोच आणि त्याचे गुणधर्मही तेच, मग आकडा तिप्पट का व्हावा? मिथेन हवेत आला की सूर्यप्रकाशात तयार होणारे हायड्रॉक्सिल नावाचे अतिशय क्रियाशील कण त्याला गाठून फोडतात. सोडलेल्या मिथेनपैकी बारा वर्षांनी जेमतेम सदतीस टक्के उरतो, चाळीस वर्षांनी तीन-चार टक्के. म्हणजे त्याला जी उष्णता अडवायची असते, तिचा मोठा भाग तो पहिल्या दोन दशकांतच अडवून मोकळा होतो. सुरुवातीला तर किलोला किलो तो कार्बन डायॉक्साइडच्या शंभराहून अधिक पट जोरदार असतो.

कार्बन डायॉक्साइडला हवेत फोडणारे असे काही नाही. तो फक्त जागा बदलतो. काही भाग झाडे घेतात, काही समुद्रात विरघळतो, आणि ही वाटणी सुरुवातीला वेगाने, मग फार सावकाश होते. म्हणून त्याला एकच एक आयुष्य नाही. शंभर वर्षांनी त्याचा सुमारे चाळीस टक्के भाग हवेतच असतो आणि हजार वर्षांनीही पाचवा हिस्सा तरी शिल्लक राहतो. मिथेनचे काम संपल्यावरही त्याचे चालूच राहते, त्यामुळे मुदत जितकी लांबवाल तितके मिथेनचे गुणोत्तर खाली येते.

हे लक्षात ठेवून पुन्हा गोठ्यात जाऊ. म्हशी म्हाताऱ्या झाल्या, नव्या आल्या, पण गोठा कायम दोनचाच राहिला. दरवर्षी १०० किलो मिथेन हवेत जातो आणि जुना फुटत राहतो. चाळीस वर्षांनी त्या गोठ्याचा हवेत असलेला साठा बाराशे किलोच्या आसपास येऊन थांबतो. पुढे गोठा कितीही वर्षे चालला तरी तो फारसा वाढत नाही. मोटारीने याच चाळीस वर्षांत ११२ टन कार्बन डायॉक्साइड सोडला. त्यातला सुमारे ७० टन अजून हवेत आहे आणि दरवर्षी त्यात भर पडते आहे.

मग एके दिवशी दोन्ही बंद झाले. आणखी चाळीस वर्षांनी गोठ्याच्या मिथेनपैकी चाळीसेक किलो उरलेला असेल. मोटारीचा मात्र सुमारे ५० टन असेल. गोठा स्थिर असेल तर तो तापमान एका पातळीवर धरून ठेवतो, वाढवतो अगदी थोडे. मोटार स्थिर वेगाने धावली तरी तापमान चढतच जाते.

यातून म्हशी निर्दोष ठरल्या असे कुणी म्हणू नये. गोठा दोनचा चार झाला, तर त्या वाढीव मिथेनचा चटका पहिल्या वीस वर्षांत जबरदस्त असतो, आणि २८ चा आकडा तो चटका कमी दाखवतो. जगाचे पाहिले तर हवेतला मिथेन औद्योगिक युगापूर्वीच्या अडीचपटीहून अधिक झाला आहे. म्हणजे जगाचा गोठा स्थिर नाही. आणि त्यात जनावरांबरोबर भातखाचरे, कचऱ्याचे डोंगर, कोळशाच्या खाणी आणि गळक्या वायुवाहिन्याही आहेत. याची दुसरी बाजू आशेची आहे. मिथेन खरोखर घटवला तर एका पिढीच्या आत हवेतला साठा उतरतो. कार्बन डायॉक्साइडच्या बाबतीत उत्सर्जन शून्यावर आणले तरी तापमान फक्त थांबते.

नायट्रस ऑक्साइड शेतातूनच येतो, पण वागतो वेगळा. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत साधारण २१ किलो नत्र असते. पिकाने न घेतलेल्या नत्रावर मातीतले जिवाणू काम करतात आणि दिलेल्या नत्राचा सरासरी एक टक्का या वायूच्या रूपाने निसटतो. एका गोणीमागे तो ३२५ ग्रॅमच्या आसपास भरतो. त्याचा गुणक २६५, म्हणजे सुमारे ८६ किलो कार्बन डायॉक्साइडइतका परिणाम. हा एक टक्का जगभरची सरासरी आहे. ओल, माती आणि खत देण्याची पद्धत यांनुसार तो बराच बदलतो. या वायूला जमिनीलगतच्या हवेत कुणी फोडत नाही. तो वर ओझोनच्या थरापर्यंत चढतो, तेव्हा कुठे अतिनील किरणांनी तुटतो, आणि त्याला शंभराहून अधिक वर्षे लागतात. वीस वर्षांची मुदत धरा वा शंभर, त्याचा आकडा जवळपास तोच राहतो. माणसाच्या आयुष्याच्या मापाने तो कार्बन डायॉक्साइडसारखा साठतच जातो.

टोकाचे उदाहरण विजेच्या उपकेंद्रांतल्या स्विचगिअरमधल्या सल्फर हेक्झाफ्लोराइडचे. त्याचा शंभर वर्षांचा गुणक २३,५०० आहे, आणि आयुष्य हजारो वर्षांचे धरले जाते. शंभराव्या वर्षी बेरीज थांबवली जाते तेव्हा त्याचे बहुतेक काम अजून व्हायचे असते.

म्हणून न्यूझीलंडने, जिथे निम्म्याच्या आसपास उत्सर्जन शेतीतून होते, २०१९ च्या कायद्यात जनावरे आणि कचऱ्याच्या मिथेनसाठी वेगळे लक्ष्य ठेवले आणि बाकीच्या वायूंसाठी २०५० पर्यंत निव्वळ शून्य. या लक्ष्याच्या आकड्यांवरून तिथे वाद आहेत, पण दोन वहीखाती वेगळी ठेवणे मला योग्य वाटते.

एकच वही ठेवली की कार्बन क्रेडिटच्या व्यवहारात काय होते ते पाहा. भातखाचरातले पाणी अधूनमधून काढून काही शेतकऱ्यांनी मिळून एक टन मिथेन वाचवला. त्याची २८ क्रेडिट्स झाली. ती एका कारखान्याने विकत घेतली आणि त्यांच्या बदल्यात कोळसा जाळून २८ टन कार्बन डायॉक्साइड सोडला. पहिली काही दशके या व्यवहारात पृथ्वीचा फायदाच आहे. पण साठ वर्षांनी, शेतकऱ्यांनी काहीही केले नसते तरी त्या एक टन मिथेनपैकी सात-आठ किलोच उरला असता. कारखान्याच्या २८ टनांपैकी जवळपास निम्मा तेव्हाही हवेत असेल, आणि कागदोपत्री त्याची भरपाई साठ वर्षांपूर्वीच झालेली असेल.