प्रतिमानाधारित चाचणी

प्रतिमानाधारित चाचणी ही सॉफ्टवेअर तपासण्याची एक पद्धत आहे. या पद्धतीत चाचण्या एकेक करून हाताने लिहिल्या जात नाहीत. प्रणालीने कसे वागावे याचे एक प्रतिमान, म्हणजे मॉडेल, आधी तयार केले जाते आणि त्या प्रतिमानातून चाचण्यांचे मार्ग संगणकाकडून काढून घेतले जातात. प्रतिमान पुष्कळदा स्थिती-आकृतीच्या रूपात असते. प्रणाली ज्या ज्या अवस्थेत असू शकते ती प्रत्येक अवस्था एका वर्तुळाने, आणि एका अवस्थेतून दुसरीत नेणारी प्रत्येक क्रिया एका बाणाने दाखवतात. वर्तुळाला स्थिती व बाणाला संक्रमण असे म्हटले जाते.

ही पद्धत समजून घेण्यासाठी सनोंद प्रवेशाचे, म्हणजेच लॉगिनचे, उदाहरण सोयीचे असते. ते सर्वांच्या परिचयाचे आहे, त्याची आकृती कागदाच्या एका कोपऱ्यात मावते, आणि तरीही या पद्धतीचे सामर्थ्य व तिच्या मर्यादा त्यात स्पष्ट दिसतात.

== उदाहरण: वाचनालयाचा सनोंद प्रवेश ==

चेंबूरमधील एका काल्पनिक वाचनालयाच्या संकेतस्थळावर सभासदाला सदस्यक्रमांक व परवलीचा शब्द देऊन आत जाता येते, असे समजू. नियम असे आहेत: परवलीचा शब्द लागोपाठ तीन वेळा चुकला तर खाते कुलूपबंद होते. कुलूपबंद खात्यात बरोबर शब्द देऊनही प्रवेश मिळत नाही. ग्रंथपालाने कुलूप काढले की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. यशस्वी प्रवेशानंतरही आधीच्या चुका पुसल्या जातात.

या वर्णनातून पाच स्थिती निघतात. सभासद बाहेर आहे आणि एकही चूक झालेली नाही, ही पहिली स्थिती (Zero). एक चूक झाली आहे (One) व दोन चुका झाल्या आहेत (Two), या पुढील दोन. चौथी कुलूपबंद (Locked) आणि पाचवी आत (In). पडद्यावर पहिल्या तिन्ही स्थिती सारख्याच दिसतात, कारण समोर तेच प्रवेशपान असते. तरीही त्या वेगळ्या मानाव्या लागतात, कारण त्याच चुकीच्या शब्दाचा परिणाम प्रत्येकीत निराळा होतो. बाहेरून काय दिसते यावरून नव्हे, तर पुढे काय घडेल यावरून स्थिती ठरते. नवशिक्यांच्या आकृत्यांत बहुधा येथेच चूक होते: 'प्रवेशपान' अशी एकच स्थिती काढली जाते आणि तीन प्रयत्नांचा नियम आकृतीतून नाहीसा होतो.

ग्राफविझ या आकृती काढणाऱ्या प्रणालीच्या भाषेत हे प्रतिमान असे लिहिता येते:

```
digraph login {
  Zero   -> In     [label="right"];
  Zero   -> One    [label="wrong"];
  One    -> In     [label="right"];
  One    -> Two    [label="wrong"];
  Two    -> In     [label="right"];
  Two    -> Locked [label="wrong"];
  Locked -> Locked [label="right"];
  Locked -> Zero   [label="unlock"];
  In     -> Zero   [label="logout"];
}
```

येथे एकूण नऊ संक्रमणे आहेत. `right` म्हणजे बरोबर शब्द, `wrong` म्हणजे चुकीचा, `unlock` म्हणजे ग्रंथपालाने कुलूप काढणे आणि `logout` म्हणजे बाहेर पडणे. सातवे संक्रमण ज्या स्थितीतून निघते तिथेच परत येते. कुलूपबंद खात्याला बरोबर शब्द देऊन पाहणे, हा त्याचा अर्थ.

== मार्ग कसे काढले जातात ==

आकृती तयार झाल्यावर ती किती फिरायची हे ठरवावे लागते. प्रत्येक स्थितीला एकदा भेट देणे, हा सर्वांत सौम्य निकष झाला. तो येथे अपुरा आहे, कारण `Zero` पासून तीनदा चुकून `Locked` पर्यंत गेले आणि दुसऱ्या फेरीत एकदा आत शिरले की तो पूर्ण होतो. एका चुकीनंतर बरोबर शब्द दिल्यास काय होते, हे मग तपासलेच जात नाही. म्हणून प्रत्येक संक्रमण निदान एकदा घडावे, हा निकष अधिक रूढ आहे. त्याला संक्रमण-व्याप्ती म्हणतात.

सर्व बाणांवरून कमीत कमी पावलांत जाऊन मूळ जागी परतणे, हा प्रश्न गणितात टपालवाल्याचा प्रश्न म्हणून प्रसिद्ध आहे. चिनी गणितज्ञ ग्वान मेइगू यांनी तो १९६० मध्ये मांडला. चेंबूरच्या टपाल कार्यालयातून निघालेल्या टपालवाल्याला तिथल्या क्रमांकित रस्त्यांपैकी एकही न वगळता परत यायचे आहे आणि कमीत कमी रस्ते दुसऱ्यांदा तुडवायचे आहेत, अशी कल्पना करावी. आकृतीतील बाणांना दिशा असल्यामुळे येथे सगळे रस्ते एकदिशा असतात, एवढाच फरक.

कोणते रस्ते पुन्हा चालावे लागतील, हे येणारे व जाणारे बाण मोजून कळते. `In` मध्ये तीन बाण येतात आणि एकच बाहेर जातो. त्यामुळे `logout` तीनदा करावे लागणार, म्हणजे दोन जादा पावले. `One` व `Two` या स्थितींत उलट परिस्थिती आहे. प्रत्येकीत एकच बाण येतो आणि दोन बाहेर पडतात. त्यामुळे `Zero` पासून `One` पर्यंतचा बाण दोनदा जादा व `One` पासून `Two` पर्यंतचा एकदा जादा चालावा लागतो. नऊ संक्रमणे आणि पाच जादा पावले मिळून चौदा होतात. याहून लहान बंद मार्ग शक्य नाही.

हा मार्ग चार फेऱ्यांत वाचता येतो. क फेरी: बरोबर, बाहेर. ख फेरी: चूक, बरोबर, बाहेर. ग फेरी: चूक, चूक, बरोबर, बाहेर. घ फेरी: चूक, चूक, चूक, बरोबर (येथे नकार अपेक्षित), कुलूप काढणे. प्रत्येक फेरी `Zero` पाशी संपते आणि पुढची तेथूनच सुरू होते.

ग्राफवॉकर या मुक्त-स्रोत साधनाला आकृतीची फाइल देऊन असा मार्ग मागता येतो. फाइलचे नाव `login.graphml` असल्यास आज्ञा अशी असते:

```
gw offline -m login.graphml "random(edge_coverage(100))"
```

यातील `random` मुळे साधन यदृच्छेने बाण निवडत जाते आणि सर्व बाण झाले की थांबते. त्यामुळे मिळणारा मार्ग बहुधा चौदा पावलांहून लांब असतो. हा वरकरणी दोष वाटतो, पण पुढे दिसेल की तो काही वेळा उपकारक ठरतो.

मिळालेला मार्ग ही केवळ नावांची यादी असते. प्रत्येक नावाचे प्रत्यक्ष कृतीत रूपांतर करणारा जोडभाग माणसाला लिहावा लागतो: `wrong` म्हटले की कोणता शब्द कोणत्या चौकटीत टंकायचा, `In` मध्ये पोचलो हे पडद्यावरील कोणत्या मजकुरावरून ओळखायचे. व्यवहारात बराचसा वेळ आकृतीपेक्षा या जोडभागावर खर्च होतो.

== तीच पावले, निराळे निष्कर्ष ==

आता वाचनालयाच्या प्रणालीत एक दोष राहून गेला आहे, असे मानू. यशस्वी प्रवेशानंतर चुकांची मोजणी शून्य होत नाही. ती फक्त कुलूप काढल्यावर शून्य होते. अशा प्रणालीत आज दोनदा चुकून आत गेलेल्या सभासदाचे खाते पुढच्या आठवड्यातील पहिल्याच चुकीला बंद पडेल, आणि ग्रंथपालाला तक्रारीचे कारण सापडणार नाही.

क, ख, ग, घ या क्रमाने एकाच खात्यावर चौदा पावले चालवली तर दोष सापडतो. ख फेरीतील एक चूक शिल्लक राहते, ग फेरीतील दोन चुका तिच्यात मिळून तीन होतात आणि खाते बंद पडते. त्यापुढील बरोबर शब्दाला प्रवेश मिळायला हवा होता, तेथे नकार येतो.

परंतु चाचण्या एकमेकींवर अवलंबून नसाव्यात, म्हणून प्रत्येक फेरीसाठी नवे खाते घेण्याची पद्धत सर्रास आढळते. तसे केले तर पावले तीच चौदा, संक्रमण-व्याप्ती तीच शंभर टक्के. पण प्रत्येक फेरी कोऱ्या मोजणीने सुरू होते आणि चारही निर्दोष ठरतात. अहवालात दोन्ही प्रयोगांचे आकडे समान दिसतात. व्याप्तीचा आकडा आकृती किती फिरून झाली एवढेच सांगतो, प्रणालीविषयी तो काही सांगत नाही.

खाते एकच ठेवले तरी क्रमाचा प्रश्न उरतो. क, ख, घ, ग असा क्रम घ्यावा. ख फेरीनंतर एक चूक शिल्लक असल्याने घ फेरीत दुसऱ्याच चुकीला कुलूप लागते. चुकीचा शब्द व कुलूपबंद खाते या दोहोंसाठी प्रणाली 'प्रवेश नाकारला' एवढेच सांगत असेल तर हा फरक दिसत नाही. तिसऱ्या चुकीला नकार, मग बरोबर शब्दालाही नकार, सगळे अपेक्षेप्रमाणे. कुलूप काढल्यावर मोजणी शून्य होते आणि ग फेरी सुरळीत पार पडते. दोष तसाच राहतो. असे मोघम संदेश सुरक्षेच्या दृष्टीने मुद्दाम दिले जातात, त्यामुळे ही अडचण केवळ पुस्तकी नाही.

यावर एक उपाय म्हणजे संक्रमणानंतर आपण खरोखर अपेक्षित स्थितीत पोचलो का, हे स्वतंत्रपणे पडताळणे. `logout` नंतर `Zero` गाठले का हे पाहण्यासाठी दोनदा चूक करून मग बरोबर शब्द द्यावा. प्रवेश मिळाला तर मोजणी शून्यावर होती. न मिळाल्यास आधीची एखादी चूक शिल्लक होती. स्थिती ओळखणाऱ्या अशा क्रियामालिकांवर टी. एस. चाऊ यांनी १९७८ मध्ये एक पद्धतशीर रीत मांडली. तिच्या मुळाशी असलेला विचार एडवर्ड मूर यांच्या १९५६ च्या लेखात आढळतो.

चाऊ यांच्या रीतीलाही एक अट आहे: प्रत्यक्ष प्रणालीत जास्तीत जास्त किती स्थिती असू शकतील याचा अंदाज आधी द्यावा लागतो. वरील सदोष प्रणालीत पाच नव्हे तर सात स्थिती आहेत, कारण शून्य, एक किंवा दोन चुका जवळ बाळगून आत असणे या तीन वेगळ्या स्थिती झाल्या. आकृतीत मात्र तेथे एकच `In` आहे. पाचच स्थिती गृहीत धरल्या तर रीतीची हमी लागू होत नाही. सात धराव्यात तर चाचण्यांची लांबी भराभर वाढते. ग्राफवॉकरची लांबलेली यदृच्छ भटकंती येथे उपयोगी पडू शकते. एकाच खात्यावर पुष्कळ फेऱ्या झाल्यास 'दोन चुका, बरोबर, बाहेर, चूक, बरोबर' हा क्रम कधीतरी येण्याचा संभव वाढतो, अर्थात त्याची खात्री देता येत नाही.

== प्रतिमानाबाहेरचे ==

आकृतीत जे नाही त्याची चाचणी निघत नाही. दोन ब्राउझरांतून एकाच वेळी केलेला प्रवेश, बाहेर पडल्यावर दाबलेले 'मागे'चे बटण, रिकामी सोडलेली चौकट, यांपैकी काहीही वरील नऊ बाणांत नाही. कुलूप अर्ध्या तासाने आपोआप उघडावे असा नियम असता तर आकृतीत एक बाण पुरला असता, पण जोडभागात प्रणालीचे घड्याळ पुढे सरकवण्याची सोय करावी लागली असती. तसेच, प्रतिमान तयार आज्ञावली वाचून काढले असेल तर तिच्यातील चूक प्रतिमानातही उतरते आणि दोन्ही एकमेकांशी जुळतात. म्हणून प्रतिमान मूळ नियमांवरून काढले जाते, शक्यतो आज्ञावली न लिहिणाऱ्या व्यक्तीकडून.

== महाराष्ट्रातील काम ==

पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्रात आवश्यकतांच्या औपचारिक मांडणीतून चाचण्या निर्माण करण्यावर संशोधन झाले आहे. तेथे आर. वेंकटेश व सहकाऱ्यांनी 'एक्स्प्रेसिव्ह डिसिजन टेबल्स' ही मांडणी विकसित केली. तीत आकृतीऐवजी तक्ता असतो. प्रत्येक ओळीत कोणत्या घटना कोणत्या क्रमाने घडल्यास काय व्हावे हे लिहिले जाते, आणि त्या ओळींवरून चाचण्या काढल्या जातात. वाचनालयाच्या उदाहरणात 'तीन लागोपाठ चुका' हा नियम अशा तक्त्यात एका ओळीत बसतो, आणि `One` व `Two` या मधल्या स्थिती नावाने लिहाव्या लागत नाहीत.