गजर नको, इशारा हवा

बाळाच्या खोलीत ठेवायच्या यंत्राला बझर लावणारा माणूस लेकुरवाळा नसावा. खोली तापली म्हणून यंत्र कोकलतं, त्याने बाळ जागं होतं, आणि मग खोली किती तापली होती हे बघायला कुणाचीच शुद्ध जागेवर राहत नाही. तापमान, दमटपणा आणि आवाज या तीन गोष्टी मोजणं आता अवघड राहिलेलं नाही. टपाल तिकिटापेक्षा लहान सेन्सर मिळतात आणि सगळा मामला दीड हजार रुपयांच्या आत-बाहेर उरकतो. खरी अक्कल लागते ती बोलायचं कधी, कुणाशी आणि कसं, हे ठरवताना.

ही अडचण जुनी आहे. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीचे प्रमुख युजीन मॅक्डोनाल्ड यांनी १९३७ साली 'रेडिओ नर्स' नावाचं यंत्र बनवून घेतलं. वैमानिक लिंडबर्ग यांच्या बाळाच्या १९३२ मधल्या अपहरणाची धास्ती तिथल्या श्रीमंत घरांतून अजून गेली नव्हती. बाळाजवळच्या पेटीने ऐकायचं आणि तो आवाज घरातल्याच विजेच्या तारांतून दुसऱ्या खोलीतल्या स्पीकरपर्यंत पोचवायचा, अशी ती सोय. स्पीकरचं बेकेलाइटचं देखणं कवच शिल्पकार इसामू नोगुची यांनी घडवलं होतं. त्यातली एक गोष्ट आजही शिकण्यासारखी आहे: ऐकणारं यंत्र एका खोलीत आणि बोलणारं दुसऱ्या खोलीत.

आपल्याकडे बाळाला वेगळी खोली क्वचितच असते. रात्री ते आईजवळच झोपतं, त्यामुळे अशा यंत्राचा खरा उपयोग दुपारी. बाळ आतल्या खोलीत पाळण्यात, आजी स्वयंपाकघरात, आई हॉलमध्ये ऑफिसच्या मीटिंगवर. माझ्या भाचीच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये नेमकं असंच होतं. ती म्हणाली, "मामा, आईला हल्ली कमी ऐकू येतं, आणि माझ्या कानात दिवसभर हेडफोन. बाळ रडलं तर शेजारच्या काकू सांगायला येतात." शेजारच्या काकूंवर किती भार टाकायचा? म्हणून ईएसपी-३२ हा वायफायवाला छोटा बोर्ड, तापमान आणि दमटपणासाठी एसएचटी-३१ आणि आवाजासाठी डिजिटल मायक्रोफोन, एवढ्यावर ते यंत्र उभं राहिलं.

पहिला घोळ होतो तो तापमानात. वायफाय चालू असलेला बोर्ड स्वतः गरम होतो. सेन्सर त्याला चिकटून एकाच बंद डबीत बसवला, तर तो खोलीचं नव्हे, डबीचं तापमान सांगतो. दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो, आणि तो दमटपणाचंही गणित बिघडवतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. खोलीत २७ अंश आणि ७५ टक्के दमटपणा आहे असं धरा. सेन्सरजवळची हवा ३० अंशांवर गेली, तरी तिच्यातली वाफ तेवढीच राहते, पण गरम हवेची वाफ सामावण्याची ताकद वाढते. म्हणून तोच सेन्सर दमटपणा साधारण ६३ टक्के दाखवतो. म्हणजे खोली आहे त्यापेक्षा गरम आणि कोरडी दिसते. सेन्सरची जात कितीही भारी असली तरी ही चूक टळत नाही. उपाय साधा आहे. चार तारांची वीतभर केबल काढून सेन्सर डबीबाहेर, बोर्डाच्या खालच्या बाजूला टांगायचा, कारण गरम हवा वर जाते.

दमटपणाचा आकडा बरोबर आहे का, हे घरीच ताडून पाहता येतं. बाटलीच्या बुचात मीठ घ्यायचं आणि ते ओलसर होईल एवढंच पाणी घालायचं. मीठ विरघळून गेलं तर पाणी जास्त झालं. हे बूच आणि सेन्सर झाकणाच्या डब्यात ठेवायचे, मीठ सेन्सरला लागू द्यायचं नाही, आणि सात-आठ तास डबा उघडायचा नाही. आपल्या घरातल्या तापमानाला संपृक्त मिठावरची हवा ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिर होते. सेन्सरने ७१ दाखवले तर चारची भर घालायची. फरक दहाच्या वर गेला तर सेन्सर बदललेला बरा. स्वस्तातल्या डीएचटी-११ची स्वतःचीच हमी पाच टक्के इकडे-तिकडे अशी असते. पावसाळ्यात बाळाची दुपटी आणि लंगोट खोलीतच दोरीवर वाळत असतात, तेव्हा त्या पाच टक्क्यांत बराच गोंधळ मावतो.

मर्यादा किती ठेवायची? इंटरनेटवर १६ ते २० अंश हा आकडा वारंवार भेटतो. तो ब्रिटनमधला सल्ला आहे, तिथल्या थंडीला आणि पांघरुणांना धरून. डोंबिवलीत तो लावला तर इशाऱ्याचा दिवा वर्षभर विझायचाच नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रसूतीच्या खोलीत किमान २५ अंश सांगते, पण ते ओल्या अंगाच्या नवजात बाळासाठी. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत आणि आपल्या घराला जसेच्या तसे लागू नाहीत. भाचीने बाळाच्या डॉक्टरांशी बोलून एसी २६ वर ठेवला आणि इशाऱ्यासाठी खाली २३, वर २९ अशा सीमा धरल्या. नागपूरकडे मे महिन्यात कूलर लावणाऱ्या घरात तापमान उतरतं तसा दमटपणा चढतो, तेव्हा तिथे दोन्ही आकडे एकत्र बघूनच सीमा ठरवाव्या लागतील.

सीमा ओलांडली की लगेच इशारा, हेही चुकीचं. दार उघडलं की पारा २९.१, लावलं की २८.९, आणि दिवा आपला लागतोय, विझतोय. दोन दिवसांत घरातले त्याच्याकडे बघणं सोडून देतात. म्हणून २९च्या वर सलग दहा मिनिटं राहिलं तरच दिवा लावायचा, आणि २८च्या खाली उतरल्याशिवाय विझवायचा नाही. खोली तापायला वेळ लागतो, त्यामुळे या दहा मिनिटांत काही बिघडत नाही.

आवाजाचं काम जास्त रंजक आहे, कारण डेसिबलची सरासरी आपल्या अंदाजाने चालत नाही. पंखा चालू असताना पाळण्याच्या खोलीत ४६ डेसिबल होते. जाता जाता सांगतो, निवासी भागात रात्री बाहेरच्या आवाजाची कायदेशीर मर्यादा ४५ आहे. म्हणजे आपला पंखाच तिला टेकलेला. नेहमीच्या पातळीवर १५ डेसिबल चढले की इशारा, असं धरलं तर उंबरठा ६१ चा झाला. आता स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी घ्या. आतल्या खोलीत ती ७० ने ऐकू येते आणि पाच सेकंद चालते. मिनिटाची साधी सरासरी काढली तर ४८ येते, पण ध्वनीची ऊर्जा मोजून काढलेली खरी सरासरी ५९ भरते. त्याच मिनिटात दुसरी शिट्टी झाली की ती ६२ होते, आणि वरणभाताच्या कुकरपायी आजी पाळण्याकडे धावतात!

म्हणून सरासरीचा नाद सोडला आणि सेकंद मोजले. गेल्या ३० सेकंदांत किती सेकंद आवाज उंबरठ्याच्या वर होता? दोन शिट्ट्या जेमतेम दहा सेकंद भरतात. फटाका कितीही मोठा असला तरी एका सेकंदात आटोपतो. माळ मात्र फसवू शकते, ते लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गृहीत धरायचं. बाळाचं रडणं वेगळं असतं: सेकंदभराचा टाहो, क्षणभर श्वास, पुन्हा टाहो. त्यात ३० पैकी १८-२० सेकंद सहज भरतात. १५ वर रेघ ओढली की रडणं आणि कुकर वेगळे पडतात. या उशिराचा फायदाही आहे. तान्ही बाळं झोपेत कण्हतात, कुरकुरतात आणि आपली आपण शांत होतात. अशा वेळी उचलायला गेलं तर उलट पुरती जागी होतात. आणखी एक: बोर्ड आवाज साठवत नाही. पातळी जागेवरच मोजतो आणि फक्त आकडा बाहेर पाठवतो, त्यामुळे घरातलं बोलणं घरातच राहतं.

आता इशारा. आतल्या खोलीत काहीही वाजत नाही, लुकलुकत नाही. बोर्डावर लाल-निळे चुकार दिवे असतात, अंधारात ते चांगलेच टोचतात, त्यांवर काळी चिकटपट्टी. इशारा उमटतो स्वयंपाकघरात, ओट्यावरच्या छोट्या दिव्यात. खोली तापली किंवा दमट झाली तर पिवळा, कारण घाई नाही. बाळ रडतंय तर लाल, आणि जोडीला भाचीच्या मनगटावरच्या घड्याळात थरथर. फोनवर भिस्त ठेवू नये. लाकडी टेबलावर थरथरणारा फोन बझरपेक्षा कमी नसतो, आणि कित्येकदा तो पाळण्याशेजारीच चार्जिंगला लावलेला असतो.

उत्साही जावयांचा पुढचा हट्ट असतो, खोली तापली की एसी आपोआप चालू व्हावा. करता येतं. पण बहुतेक एसी प्रत्येक हुकमाला 'पीप' करतात आणि ती पीप नेमकी पाळण्याच्या डोक्यावर वाजते. ती बंद करायची सोय सगळ्या मॉडेलांत नसते. त्यापेक्षा आजींनी येऊन दार किलकिलं करणं बरं.

शांत यंत्राचा सगळ्यात मोठा धोका त्याच्या शांततेतच आहे. वीज गेली, राउटर बंद पडला, केबल सैल झाली, तर ते गप्प बसतं. आणि सगळं ठीक असतानाही ते गप्पच असतं. दोन्हींत फरक कळायला हवा. म्हणून बोर्ड दर मिनिटाला आकडा पाठवतो, आणि ठीक असेपर्यंत ओट्यावरचा दिवा मंद हिरवा राहतो. तीन मिनिटं आकडा आला नाही की दिवा स्वतःहून पांढरा होतो. हा निर्णय स्वयंपाकघरातल्या दिव्याचा असला पाहिजे, कारण मेलेला बोर्ड आपण मेलो हे सांगू शकत नाही. आणि दिवाच विझलेला दिसला तर यंत्र नाही असं धरून पाळण्यापाशी जायचं. राउटर इन्व्हर्टरवर टाकला की भारनियमनातले निम्मे पांढरे दिवे टळतात.

हे यंत्र बाळाचं अंग मोजत नाही, श्वास मोजत नाही. आकडा २६ असला तरी चार दुपट्यांत गुंडाळलेलं बाळ तापलेलं असू शकतं; मानेमागे हात लावला की कळतं. बाळ पाठीवर निजवणं, पाळण्यात उशा आणि मऊ खेळणी न ठेवणं, याला ते पर्याय नाही. आणि बाळंतिणीच्या खोलीत अजूनही कुठे कुठे शेगडी ठेवतात, धुरी देतात. दारं-खिडक्या लावून कोळसा पेटवला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि हे यंत्र तो मोजत नाही. खोली छान उबदार आहे एवढंच सांगत ओट्यावरचा दिवा हिरवाच राहील. ज्या घरात शेगडीची पद्धत आहे तिथे आधी शेगडी बाहेर काढावी, यंत्राचं नंतर बघावं.

बसवताना डबी पाळण्यापासून निदान एक मीटर दूर आणि बाळ निजतं त्या उंचीवर ठेवा. एसीच्या झोतात नको, उन्हाच्या भिंतीवर नको. तार भिंतीला पट्टीने घट्ट बसवा. थोड्याच महिन्यांत हात पोचायला लागतात आणि बाळाला पहिली हौस लोंबणारी वायर ओढायची असते.