फँटम नोंदी: प्रेडिकेट लॉक व इंडेक्स लॉक

एका ट्रान्झॅक्शनने ५०० ते १००० रुपये शिल्लक असलेली खाती मोजली. ६०० व ९०० अशी दोनच आढळली. दोन्हींवर लॉक असूनही दुसऱ्याने ७०० चे खाते घातल्यास पुनर्मोजणीत तिसरी, ‘फँटम’ नोंद प्रकटते; कारण अस्तित्वात नसलेल्या नोंदीवर लॉक लावता येत नाही. एस्वरन, ग्रे, लोरी व ट्रेगर यांनी १९७६ मध्ये मांडलेला प्रेडिकेट लॉक अटीवरच लागतो. परंतु दोन अटी परस्परांना छेदतात काय, हे तपासणे सर्वसाधारणपणे फार खर्चिक असते. इंडेक्स लॉक शिल्लकेच्या इंडेक्समधील ६००, ९०० व त्यांपुढील १२०० ही मूल्ये त्यांच्या अलीकडील मोकळ्या अंतरांसह रोखतो. त्यामुळे ७०० थांबते. मात्र अटीबाहेरील ११०० देखील विनाकारण थांबते. असा इंडेक्सच नसेल, तर बहुधा संपूर्ण टेबल अडवावे लागते.