आतड्याचा तुकडा थकला, जर्नल अडलं

बी. फार्म.चं बायोअ‍ॅसेचं जर्नल अपूर्ण राहिलं की लॅब-इनचार्जना अर्ज जातो. ‘काही अपरिहार्य कारणामुळे जर्नल अपूर्ण आहे, मुदत मिळावी.’ एवढ्यावरून मॅडमना काहीच ठरवता येत नाही. मुदत लिहायला हवी आहे की प्रयोग पुन्हा करायला? दोन्ही मागण्या अगदी वेगळ्या आहेत.

बायोअ‍ॅसे म्हणजे औषधाचं प्रमाण जिवंत ऊतकाच्या प्रतिसादावरून ठरवणं. कोंबडीच्या लहान आतड्याचा तुकडा कोमट टायरोड द्रावणात टांगायचा, हवा चालू ठेवायची आणि अ‍ॅसिटिलकोलीन घालून तो किती आकसतो हे आलेखावर मोजायचं. तीन-बिंदू पद्धतीत माहीत असलेल्या द्रावणाचे दोन डोस (एस-१, एस-२) आणि अज्ञात द्रावणाचा एक (टी) असे तीन डोस क्रम बदलत तीन फेऱ्यांत देतात. प्रत्येक डोसनंतर ऊतक धुऊन थांबायचं, म्हणजे एका डोसला साधारण पाच मिनिटं. नऊ डोसांना पाऊण तास लागतो. त्याआधी तुकडा स्थिरावायला अर्धा तास आणि योग्य डोस शोधायला आणखी वेळ जातो.

अशा प्रयोगात अडलेल्या विद्यार्थिनीचा अर्ज असा असावा:

‘महोदया,
अ‍ॅसिटिलकोलीनच्या प्रयोगात पहिल्या दोन फेऱ्यांत एस-१ची उंची २० मिमी, एस-२ची ४० आणि टीची ३० आली. तिसऱ्या फेरीत एस-१ १२ आणि टी १८ मिमी एवढीच आली. दोन्ही सारख्या प्रमाणात घटल्यामुळे ऊतक थकलं असावं. ही फेरी मी हिशेबात धरलेली नाही. मूळ आलेख सोबत जोडला आहे. पुढच्या बॅचच्या वेळेत नव्या ऊतकावर प्रयोग करण्याची परवानगी मिळावी. त्यानंतर दोन दिवसांत जर्नल सादर करीन.
आपली विद्यार्थिनी’

यातला ‘दोन्ही’ हा शब्द फार मोलाचा आहे. फक्त एस-१ घटला असता, तर संशय प्रमाणित द्रावणावर गेला असता. अ‍ॅसिटिलकोलीनचं विरळ द्रावण ठेवून ठेवून विघटित होतं, तेव्हा ते ताजं करावं लागतं. दोन्ही एकत्र घटले, की बोट ऊतकाकडे जातं.

तिसरी फेरी अंदाजाने भरून काढली असती, तर उत्तर आलंही असतं. टी ही एस-१ आणि एस-२च्या बरोबर मध्ये आहे. एस-१चा डोस ०.१ मिली, एस-२चा ०.२, टीचा ०.२ आणि प्रमाणित द्रावण मिलीला १० मायक्रोग्रॅम असेल, तर अज्ञात द्रावण मिलीला ७.०७ मायक्रोग्रॅम येतं. पण क्रम बदलत तीन फेऱ्या घ्यायच्या त्या याचसाठी, की ऊतकाची ताकद हळूहळू बदलली तरी तिचा भार एकाच डोसवर पडू नये. दोनच फेऱ्यांत हा तोल साधत नाही.

नव्या तुकड्याची संवेदनशीलता वेगळी असते. जुन्या दोन फेऱ्यांना नवी तिसरी जोडता येत नाही, योग्य डोस शोधण्यापासून सगळं पुन्हा करावं लागतं. म्हणून अर्जात अर्धा तास न मागता पूर्ण प्रॅक्टिकलची वेळ मागावी.