सात दगड, छत्तीस मुलं

सकाळी ७.००
शाळा भरायच्या आधी मैदानावर फक्की मारून घेतो. आज सातवी, पाचवी आणि आठवी, तिन्ही वर्गांना लगोरीच. पत्र्याच्या डब्यात फरशीच्या तुकड्यांचे तीन संच आहेत, प्रत्येकात सात. कडा घासून बोथट केल्यात, नाहीतर घाईत रचताना बोटं कापतात. चेंडू जुन्या मोज्यांत चिंध्या भरून शिवलेले. रबरी चेंडू पाठीत बसला की भित्री मुलं खेळातून हळूच अंग काढून घेतात. मोज्याचा चेंडू लागतो, पण झोंबत नाही.

७.४०, सातवी
खेळायला छत्तीस. आधी मुलांना ठाऊक असलेला खेळच खेळू देतो: अठरा विरुद्ध अठरा, एक लगोरी. पायाला लागलेल्या एका मुलीला कडेला बसवून काम दिलं, राखणाऱ्या संघातल्या कितीजणांचा हात चेंडूला लागतो ते मोजायचं. पाच मिनिटांनी तिने सांगितलं, "सर, सहाच." बाकीचे बारा नुसते उभे.

म्हणून पहिला बदल गड्यांच्या संख्येत. सहा-सहाचे तीन सामने, प्रत्येकाची लगोरी वेगळी. आता उभं राहायला सवडच नाही. पण नवी अडचण लगेच दिसली. चपळ मुलगा चेंडू उचलतो, धावत जाऊन रचणाऱ्याच्या पाठीत मारतो, डाव संपला. मग दुसरा बदल, नियमात: चेंडू हातात असताना पाय हलवायचा नाही. त्याबरोबर "इकडे टाक, इकडे!" सुरू झालं. मुलं एकमेकांना चेंडू द्यायला लागली, ते मला शिकवावं लागलं नाही.

पण मुलंही काही कमी नाहीत. राखणाऱ्यांपैकी एकजण लगोरीशेजारीच ठाण मांडून बसला. चेंडू त्याच्याकडे यायचा आणि जवळ येईल तो बाद व्हायचा. खेळ थांबवून विचारलं, "आता काय करायचं?" उत्तर मुलांचंच: लगोरीभोवती वर्तुळ आखा, राखणाऱ्यांनी आत पाय टाकायचा नाही, चेंडू बाहेरूनच मारायचा. लगोरीपासून दोन पावलांवर वर्तुळ आखलं, तर एकदाही लगोरी रचली गेली नाही. पाच पावलांवर नेलं, तर प्रत्येक वेळी रचली गेली. चार पावलांवर कधी हे जिंकले, कधी ते. एकच बाजू सतत जिंकत असेल तर जागा चुकली, एवढी खूण पुरते.

९.००, पाचवी
इथे अडचण सुरुवातीलाच, लगोरी फुटतच नाही. प्रत्येकाचे तीन नेम वाया जातात आणि रांग लांबते. नेमाची रेघ सहा पावलांवरून चारवर आणली. तरी हुकतंय म्हटल्यावर साधन बदललं: फरशांच्या जागी रिकामे पत्र्याचे डबे, सातऐवजी पाच. डब्यांची उतरंड उंच असल्यामुळे नेम लागतो, कोसळल्याचा आवाज झाला की सगळे उधळतात. मात्र डबे घरंगळत दूर जातात, त्यामुळे पुन्हा रचायला वेळ लागतो. फोडणं सोपं केलं तर रचणं आपोआप अवघड झालं. रेघेला आणखी हात लावायची गरज उरली नाही.

१०.४५, आठवी
यांच्यावर खेळ बनवायचंच काम सोपवतो. चार गट, चार चिठ्ठ्या: जागा, साधन, नियम, गडी. चिठ्ठीवर असेल तेवढंच बदलायचं, दोन मिनिटं खेळायचं, थांबून बोलायचं. ही अट नसली की मुलं एका दमात दहा नियम करतात आणि खेळ कशाने बिघडला ते कुणालाच सांगता येत नाही.

'नियम'वाल्या गटाने ठरवलं की वर्तुळात शिरणाऱ्याने लंगडी घालायची. कल्पना झकास, पण लंगडीमुळे वेग कमी झाला आणि रचणारे पटापट बाद व्हायला लागले. "सर, वर्तुळ मोठं करू?" चिठ्ठी नियमाची होती, पण आता मी होकार दिला, कारण काय बदलायचं आणि का, हे त्यांना नेमकं कळलं होतं. वर्तुळ एका पावलाने वाढवलं आणि सामना रंगला. 'गडी'वाल्यांनी राखणारे सहाचे चार केले. त्यांचाही तोल साधला, पण चौघांची दमछाक झाली. पुढच्या वेळी पाच करून बघायचं ठरलं.

१२.१५
वहीत प्रत्येक वर्गापुढे दोनच ओळी लिहितो: काय बदललं आणि त्यामुळे काय बिघडलं. आठवीचा लंगडीचा नियम उद्या सातवीला देणार, पण वर्तुळ चारच पावलांवर ठेवून. ते किती वाढवायचं, हे त्यांचं त्यांनी शोधायचं.