बाबांचे ७५ टक्के आणि माझे ७५ टक्के

गेल्या भागात मी एनपीएसबद्दल बोललो, आणि घरीच भांडण लागलं. बाबा ५४ वर्षांचे, खाजगी नोकरीत. त्यांच्या एनपीएसमध्ये ७५ टक्के पैसे शेअर्समध्ये आहेत. माझं वय २८, माझेही ७५ टक्केच. बाबा म्हणाले, "तुला चालतं, मग मला का नाही? मी काय घाबरट आहे का?"

प्रश्न घाबरण्याचा नाहीच, म्हणून आजचा भाग.

एक जुनी गोष्ट आठवा. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांच्या आसपास होता. मार्च २००९ मध्ये तो साडेआठ हजारांच्या खाली होता. म्हणजे साधारण ६० टक्के पडझड. तशीच पडझड उद्या झाली असं धरू, आणि रोख्यांना काहीच झालं नाही असंही धरू.

माझ्या खात्यात ४ लाख आहेत, त्यातले ३ लाख शेअर्समध्ये. ६० टक्के गेले म्हणजे १ लाख ८० हजार. मी महिन्याला १० हजार भरतो, म्हणजे १८ महिन्यांचे हप्ते. वाईट वाटेल, पण माझ्याकडे अजून ३२ वर्षांचे हप्ते बाकी आहेत, आणि ते पडलेल्या भावात युनिट्स घेणार आहेत.

आता बाबा. खात्यात ४० लाख, त्यातले ३० लाख शेअर्समध्ये. गेले १८ लाख. ते महिन्याला १५ हजार भरतात. म्हणजे १२० महिने, दहा वर्षांचे हप्ते. आणि निवृत्तीला उरलीत सहा वर्षं. टक्के तेच, माणूसही बहुधा माझ्यापेक्षा धीराचा, पण भरून काढायला लागणारी पुढची कमाईच शिल्लक नाही. मला वाटतं 'जोखीम झेपते का' हे मनाला विचारण्याआधी असं महिन्यांत मोजावं.

ग्लाइड पाथ म्हणजे हाच हिशेब वयाला बांधून टाकणं. विमान धावपट्टीवर एकदम आदळत नाही, हळूहळू खाली येतं, तसं. एनपीएसमध्ये 'ऑटो चॉइस' घेतला की हे आपोआप होतं. त्यातल्या एलसी ५० चं गणित इतकं सोपं आहे की बोलताना सांगितलं ते इथे लिहूनच देतो:

```
E = 50 - 2 * (min(max(age, 35), 55) - 35)
```

E म्हणजे शेअर्सचा टक्का. ३५ वर्षांपर्यंत तो ५० असतो, मग दर वर्षी २ नी कमी होत ५५ ला १० वर येतो. सुटलेला पैसा सरकारी रोख्यांत जातो. ही अदलाबदल तुमच्या वाढदिवसाला होते. (केक कापताना कोणाला आठवत असेल!)

एलसी ७५ मध्ये सुरुवात ७५ पासून. ३५ नंतर दर वर्षी ४ टक्के, ४५ नंतर ३ टक्के, आणि ५० नंतर फक्त १ टक्का कमी होतो. बाबांच्या वयाला त्यात शेअर्स १६ टक्केच उरतात. तसं असतं तर त्याच पडझडीत त्यांचे ३ लाख ८४ हजार गेले असते. सुमारे २६ हप्ते. सहा वर्षांत भरून निघण्यासारखं.

पण मला हा उतार जरा जास्तच लवकर वाटतो. पन्नाशीत २० टक्के शेअर्स, आणि त्यानंतर माणूस पंचवीस-तीस वर्षं जगणार, महागाई काही थांबत नाही. हीच ओरड बऱ्याच जणांची होती. २०२४ मध्ये 'बॅलन्स्ड लाइफ सायकल' असा पर्याय आला. त्यात शेअर्स ४५ वर्षांपर्यंत ५० टक्के राहतात आणि ५५ ला ३५ वर येतात.

आणखी एक उणीव: या गणिताला फक्त तुमची जन्मतारीख कळते. तुमचा पीएफ कळत नाही. माझंच घ्या, एनपीएसमध्ये ४ लाख आणि पीएफमध्ये ८ लाख. पीएफचा बहुतेक पैसा रोख्यांतच असतो. मी एलसी ५० घेतलं असतं तर शेअर्समध्ये २ लाख, म्हणजे एकूण १२ लाखांपैकी १७ टक्क्यांहूनही कमी. अठ्ठाविसाव्या वर्षी निवृत्तीचा पोर्टफोलिओ झाला की हा! म्हणून टक्का बघायचा तो सगळे पैसे एकत्र धरून.

बाबांना मी उद्याच ७५ वरून १६ वर या असं नाही सांगितलं. एका दिवसात एवढं विकलं आणि तो दिवस नेमका पडझडीचा निघाला तर तोटा पक्का होतो. ग्लाइड पाथची खरी गंमत छोट्या पायऱ्यांत आहे. त्यांचा 'ॲक्टिव्ह चॉइस' आहे, त्यात वाटणी वर्षातून चार वेळा बदलता येते. मग ठरलं असं: दर तिमाहीला ५ टक्के कमी, दोन वर्षांत ३५ वर. पहिला बदल त्यांनी रविवारी रात्री टाकला, आणि सोमवारी बाजार वर गेला म्हणून दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.